वहिनींना व्रणावरून धीर द्यायला पत्र लिहितोयस तर एवढं कर भावा

भावा, पत्रात पहिल्याच ओळीत "व्रण दिसतच नाही" असं लिहू नकोस, वहिनी रोज आरशात बघतात, त्यांना खोटं लगेच कळतं. माझ्या बायकोचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं तेव्हा मी हीच चूक केली आणि ती दोन दिवस गप्प होती. गळ्यावर आडवी लाल रेघ, त्यामुळं तिनं कोल्हापुरी साज डब्यात ठेवून दिला, अंबाबाईला जातानाही पदर गळ्याभोवती.

मग दुसरं पत्र लिहिलं. त्यात लिहिलं की रेघ लाल आहे, जरा वर आलीय, मला दिसते, आणि डॉक्टर म्हणालेत पहिले काही महिने अशीच लाल, कडक राहणार, मग हळूहळू मऊ आणि फिकी होत जाते, पूर्ण बसायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पूर्ण जाईल असं मात्र लिहिलं नाही, कारण जात नाही. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना विचारून सिलिकॉन जेल सुरू केलं, ते रात्री मी लावून देईन असं लिहिलं, उन्हात सनस्क्रीन, नाहीतर डाग काळा पडतो.

आणि एक, व्रण मूळ रेघेच्या बाहेर पसरायला लागला, खाज-दुखणं वाढलं तर ते किलॉइड असू शकतं, तेव्हा धीर देत बसू नको, स्किनच्या डॉक्टरकडं घेऊन जा.

शेवटी लिहिलेलं, रंकाळ्यावर जाऊया, पदर कसा घ्यायचा ते तू ठरव. साज तिनं पाडव्याला स्वतःच काढला.