सीईटीत गुण वेगळे, पर्सेंटाइल मात्र सारखं

प्रश्न: एमएचटी-सीईटीत मला १३२ गुण, दुसऱ्या शिफ्टमधल्या मैत्रिणीला १२०. तरी दोघींचं पर्सेंटाइल ९७ कसं?

उत्तर: कारण पर्सेंटाइल म्हणजे गुणांची टक्केवारी नव्हे, तर तुमच्याच शिफ्टमधल्या मुलांमध्ये तुमची जागा. सीईटी कक्ष आणि जेईई मेन घेणारी एनटीए, दोघंही हेच सूत्र वापरतात: शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळालेल्यांची संख्या भागिले शिफ्टला प्रत्यक्ष हजर असलेल्यांची संख्या, गुणिले १००. गैरहजर मुलं यात धरत नाहीत.

समजा, तुमच्या शिफ्टला २०,००० मुलं होती आणि १३२ किंवा त्याहून कमी गुण १९,४०० जणांना मिळाले, पर्सेंटाइल ९७. मैत्रिणीचा पेपर अवघड होता, तिथे १५,००० पैकी १४,५५० जण १२० किंवा त्याच्या खालीच राहिले, तेही ९७. मग सगळ्या शिफ्टची पर्सेंटाइल एकत्र लावून गुणवत्ता यादी बनते. प्रत्येक शिफ्टमध्ये पहिल्या आलेल्याला १०० मिळतात, मग त्याचे गुण १९० असोत की १७५.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. हे सगळं, प्रत्येक शिफ्टला साधारण सारख्याच तयारीची मुलं बसली आहेत, असं धरून चालतं. शिफ्ट मोठी असेल आणि वाटप कसलाही निकष न लावता झालं असेल, तर ते बऱ्यापैकी खरं ठरतं. पण एखाद्या छोट्या शिफ्टला हुशार मुलं जास्त आली, तर तिथल्या मुलांचं पर्सेंटाइल विनाकारण खाली येतं आणि हे सूत्र ते ओळखू शकत नाही.