क्रंबलचा वरचा थर कुरकुरीत कसा ठेवायचा?

प्रश्न: फ्रूट क्रंबल ओव्हनमधून काढते तेव्हा छान दिसतं, पण वाढेपर्यंत वरचा थर ओला आणि पिठूळ होतो. फळं रसाळ ठेवून वरचा थर कुरकुरीत कसा ठेवायचा?

वरचा थर फळांवर घालण्याआधी वेगळा भाजून घ्या आणि फळांचा रस तो थर पडायच्या आधीच घट्ट व्हायला लागू द्या. मी कित्येक वर्षं कच्चा चुरा कच्च्या फळांवर पसरून एकदमच भाजत होते आणि दर वेळी लोण्याचं प्रमाण बदलून बघत होते. पण गडबड प्रमाणात नव्हती. फळं तापली की त्यांतून वाफ आणि रस निघतो, आणि त्याच वेळी वरचं पीठ अजून कच्चं असतं. कच्चं पीठ ते पाणी पिऊन घेतं. मग वरून रंग आला तरी फळाला टेकलेली बाजू खिरीसारखी राहते. चमच्याने एक तुकडा उलटा करून बघा, तिथे पांढरट, चिकट थर दिसेल.

सुमारे २३ सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्यासाठी मी १५० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम साखर, ४० ग्रॅम ओट्स, चिमूटभर मीठ आणि ९० ग्रॅम थंड लोणी घेते. लोण्याचे तुकडे पिठात बोटांच्या टोकांनी चोळायचे. मिश्रण रवाळ झालं की तिथे थांबायचं नाही. मूठभर घेऊन घट्ट दाबायचं, मुटका झाला की तो मोडून वाटाण्यापासून छोट्या अक्रोडाएवढे खडे करायचे. हे खडे महत्त्वाचे, कारण बारीक भुगा लगेच रस शोषतो, तर मोठा खडा खालून थोडा भिजला तरी वरून कडक राहतो. ट्रेवर मोकळे पसरून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे भाजताना वितळून एकमेकांत मिसळणार नाहीत. मग १७५ अंश सेल्सियसला साधारण १८ ते २० मिनिटं, फिकट सोनेरी होईपर्यंत भाजा. गरम असताना ते मऊच लागतील, त्याने घाबरून जास्त भाजू नका. गार झाल्यावर एक खडा मोडून बघा, कट्कन तुटला पाहिजे. अजून एक फेरी ओव्हनमध्ये व्हायची आहे, म्हणून गडद रंग आता नको.

तोवर फळं. ६०० ग्रॅम सफरचंद आणि ३०० ग्रॅम आलुबुखार घेऊन दीड सेंटिमीटरच्या फोडी करा. त्यात ७० ग्रॅम साखर, एक चमचा लिंबाचा रस आणि दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घालून नीट कालवा, पिठाची गाठ राहता कामा नये. आलुबुखार फार रसाळ असतील तर कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे घ्या. फळं न झाकता १९० अंशांना २५ मिनिटं भाजा, मध्ये एकदा हलवा. कडेला रस रटरटायला लागला की बाहेर काढून भाजलेले खडे वर पसरा. दाबू नका. मधून मधून फट राहू द्या, म्हणजे वाफेला वर निघायला वाट मिळते. पुन्हा १५ ते १८ मिनिटं.

झालं हे रंगावरून नाही, बुडबुड्यांवरून ओळखा. पातळ रसाचे बुडबुडे भराभर येतात आणि फुटतात. घट्ट झालेल्या रसाचे सावकाश फुगतात आणि जड आवाज करत फुटतात. हे बुडबुडे भांड्याच्या मध्यभागीही दिसले पाहिजेत. कॉर्नफ्लोअर पूर्ण फुलायला रस जवळजवळ उकळायला लागतो, त्यामुळे फक्त कडा उकळल्या आणि मधला भाग थंड राहिला तर मध्ये पाणीच राहतं.

गोठवलेली फळं वापरलीत तर ती वितळताना बरंच पाणी सोडतात. ती गाळणीवर वितळू द्या, खाली जमलेला रस छोट्या भांड्यात उकळून निम्मा करा आणि परत फळांत घाला. नुसता फेकून दिला तर चवही जाते.

वाढण्यापूर्वी किमान २० मिनिटं थांबा. एवढ्यात रस आणखी दाटतो आणि वरचे खडे कडक होतात. थांबताना वर झाकण ठेवू नका, फॉइलसुद्धा नाही. झाकणाला लागलेल्या वाफेचे थेंब परत खड्यांवरच पडतात, आणि मग सगळी मेहनत पाच मिनिटांत वाया जाते.

तरी एक सांगते, पूर्ण कुरकुरीतपणा पहिले काही तासच टिकतो. दुसऱ्या दिवशी द्यायचं असेल तर भाजलेले खडे गार झाल्यावर हवाबंद डब्यात बाहेरच ठेवा आणि शिजलेली फळं फ्रिजमध्ये. ऐनवेळी फळं ओव्हनमध्ये गरम करून शेवटच्या दहा मिनिटांत खडे घाला. आधीच एकत्र केलेलं उरलं असेल तर १७० अंशांना १५ मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा, बरंचसं परत येतं. मायक्रोवेव्हमध्ये मात्र ते आणखी मऊ पडतं.