दोस्ताचा बायोडाटा तपासताना: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: दोस्तानं बायोडाटा पाहाले देला. मी रात्री बसून पुराच नवा लिहून देला. मुलाखतीत त्यातलंच इचारलं अन् त्याले सांगता नाही आलं. मंग मदत करावी कशी? (वाचक, आर्वी)

मुलाखत घेणारा कागद समोर ठेवूनच प्रश्न काढतो. ओळ तुमची असली, की उत्तरही तुमच्याकडेच राहतं. म्हणून लिहू द्या त्यालाच. तुम्ही वाचा, विचारा आणि खूण करा.

आधी जाहिरात मागून घ्या. कोणत्या कामासाठी अर्ज आहे हे माहीत नसताना दिलेली सूचना हवेत जाते. मग फोन नंबर आणि ईमेल तपासा. गावाकडे सिम बदलतं, पण दुकानातल्या कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये जुनाच नंबर राहतो, आणि मग बाकी सगळं चांगलं असूनही फोन लागत नाही. त्यानंतर पानाचा वरचा तिसरा भाग अर्धा मिनिट वाचा, कागद पालथा करा आणि काय कळलं ते त्याला सांगा. "तू इलेक्ट्रिशियन आहेस हे मला कळलंच नाही," एवढं वाक्य पुष्कळ काम करतं. मग अनुभवाच्या ओळी, मग त्यांचा क्रम, आणि भाषेच्या चुका सगळ्यात शेवटी. जी ओळ उद्या काढायचीच आहे तिचं स्पेलिंग आज सुधारण्यात अर्थ नाही. शिवाय लाल खुणांनी भरलेला कागद पाहिला, की दोस्त वेलांट्या दुरुस्त करत बसतो आणि मोठा बदल राहून जातो. एका बैठकीत दोन-तीन मोठ्या गोष्टी पुरे.

प्रश्न: मित्र आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. दोन हंगाम जिनिंगमध्ये होता, आता बुटीबोरीला मेंटेनन्सच्या जागेसाठी अर्ज करतो आहे. अनुभवात एकच ओळ आहे: "जिनिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून काम केले." यात मी काय सुचवू? (वाचक, हिंगणघाट)

सुचवू नका, विचारा. मिलमध्ये किती जिन होते? कोणत्या मोटरी, कोणते स्टार्टर? ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप व्हायचा तेव्हा आधी काय पाहायचास? रात्रपाळीत एकटा होतास का? पॅनेल उघडण्याआधी सप्लाय बंद करून टॅग लावायची पद्धत होती का? तो बोलेल तसं त्याच्याच शब्दांत टिपून घ्या. समजा तो म्हणाला, "चोवीस डबल रोलर जिन होते, मोटरी, स्टार-डेल्टा स्टार्टर, पॅनेल सगळं मीच पाहायचो, रात्री मी एकटाच. रिले ट्रिप झाला की आधी रोलरमध्ये कापूस अडकला का पाहायचो, मग तिन्ही फेजचा करंट मोजायचो." आता ओळ त्यानंच लिहायची: "२४ डबल रोलर जिनच्या मिलमध्ये २ हंगाम मोटर, स्टार-डेल्टा स्टार्टर व पॅनेलची देखभाल. रात्रपाळीत बिघाड स्वतंत्रपणे शोधून दुरुस्ती."

जिनिंग न पाहिलेल्या सुपरवायझरलाही यातून कळतं, की हा मोटर आणि स्टार्टर हाताळतो आणि एकटा निर्णय घेऊ शकतो. ही ओळ वर न्यायला सांगा. वरची जागा बहुधा "ध्येय" नावाच्या, कुठून तरी उतरवलेल्या चार ओळींनी अडवलेली असते. त्या निघाल्या तर काही बिघडत नाही. एक काळजी मात्र घ्या. तो सांगेल तेवढंच लिहू द्या. मोटर रिवाइंडिंग फक्त पाहिलं असेल, तर "रिवाइंडिंग येते" असं लिहायचं नाही. प्रॅक्टिकल घेतलं की ते पाच मिनिटांत उघडं पडतं.

प्रश्न: हंगाम संपला की काम बंद. तारखा लिहिल्या तर नोकरी सोडत राहतो असं वाटते. तारखा काढून टाकायला सांगू का? (वाचक, वणी)

नको. तारखा नसल्या की वाचणाऱ्याला जास्तच शंका येते. महिना आणि वर्ष लिहून पुढं "हंगामी" असा शब्द ठेवायला सांगा. दोन हंगाम एकाच मिलमध्ये केले असतील तर ते एकाच नोंदीत लिहावेत. मालकानं दुसऱ्यांदा बोलावलं, ही गोष्ट त्यातूनच दिसते. मधल्या महिन्यांत घरची शेती केली किंवा पंपाच्या मोटरी दुरुस्त केल्या असतील, तर तीही एक ओळ येऊ द्या.

प्रश्न: बायोडाटा झेरॉक्सच्या दुकानातून टाइप करून आणला आहे. त्यात काय पाहू? (वाचक, पुसद)

दुकानदार बहुधा आधीच्या गिऱ्हाईकाच्या फाइलवरच नवं नाव टाकतो. त्यामुळे जुनं गाव, दुसऱ्याची जन्मतारीख किंवा न केलेला कोर्स मागे राहून जातो. मित्राला कागद मोठ्यानं वाचायला लावा. परकी ओळ आली की तो स्वतःच थांबतो. लग्नाच्या बायोडाट्यातून आलेली जात, उंची, मामाचं गाव इथं नको. शेवटी फाइल पीडीएफमध्ये घ्या, तिला मित्राचं नाव आणि ट्रेड असं नाव द्या, आणि पाठवण्याआधी एकदा मोबाइलवर उघडून पाहा.