गोड दिल्यावर आजोबा शुद्धीवर आले, म्हणून गाफील राहू नका

प्रश्न: आजोबा ८१ वर्षांचे आहेत, शुगरसाठी ग्लिमेपिराइड घेतात. मधूनच घाम येऊन गोंधळल्यासारखं वागतात. घरीच साखरपाणी द्यावं की सरळ दवाखान्यात न्यावं?

आधी साखरपाणी, मग बाकीचा विचार. पण त्यात आमच्या घरीही कोणी चुकलं नव्हतं. चूक झाली ती नंतर.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. आई ७६ वर्षांची, इंदूरला रामबागेत दादाकडे राहते. मी वीस मिनिटांच्या अंतरावर. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी ती कैक वर्षं सकाळ-संध्याकाळ घेतेय. त्या आठवड्यात तिला दोन दिवस जुलाब होत होते. पोटात ताक आणि दोन घास मऊ भात, बस्स. गोळी मात्र घड्याळ लावून, कारण काही झालं तरी गोळी चुकवायची नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ.

संध्याकाळी मी गेले तर आई एकच टॉवेल घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. चहाचं विचारलं तर माझ्यावर खेकसली, तेही मावशीचं नाव घेऊन. दादा म्हणाला, "सकाळपासून अशीच चिडचिड करतेय. वय झालं गं आता." मी पाठीवर हात ठेवला तर ऐन थंडीत ब्लाउज ओला. म्हाताऱ्या माणसांत हे असंच दिसतं. हातांची थरथर, भूक, धडधड यांची वाट बघत बसू नका. त्यातून आई बीपीसाठी मेटोप्रोलॉल घेते, त्याने धडधड झाकली जाते. घाम झाकला जात नाही. मीटरवर आकडा आला ४८. सत्तरच्या खाली गेली की उपाय करायचा, ही तर फारच खाली होती.

वहिनी पेढा घेऊन धावली. मी परत पाठवला. पेढ्यातल्या खव्याच्या तुपाने साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. अर्धा कप पाण्यात ग्लुकोज पावडरचे चहाचे तीन भरलेले चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, घोट घोट पाजले. पंधरा मिनिटांनी ६६. पुन्हा तेवढंच. मग ९२. आई मला ओळखून म्हणाली, "तू कधी आलीस?" मग दूध-पोळी खाऊ घातली.

नऊ वाजता आकडा १७८. इथे दादाने तो उद्योग केला, ज्यावरून आमचं आजही वाजतं. "बघ, वाढली. रात्रीची गोळी देऊन टाकतो." मी म्हटलं, आज नको. तो म्हणाला, डॉक्टरांनी लिहून दिलीय, तू काय डॉक्टर आहेस का? मी घरी निघून गेले. ती माझी चूक.

पहाटे पावणेतीनला फोन आला. उशी भिजलेली, आई बरळतेय, शुगर ४१. गिळता येत होतं म्हणून वहिनीने फोनवर माझं ऐकून ग्लुकोज पाजलं, आणि मग तिला दवाखान्यात नेलं. दोन दिवस ग्लुकोजची सलाइन. तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला दादाला ऐकवायचं होतं. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. वरून साखर दिली की त्या साखरेनेही आणखी इन्शुलिन सुटतं, म्हणून आकडा चढून पुन्हा घसरतो. जुलाबाने किडनी मंदावली होती, क्रिएटिनिन १.८, त्यामुळे औषध शरीरातून बाहेरच पडेना. १७८ हा आमच्याच ग्लुकोजचा आकडा होता, आजाराचा नव्हे. त्यावर गोळी द्यायची नसते.

तेव्हा आजोबा उठून बसले तरी पुढची गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. या गोळ्यांनी उतरलेली शुगर दिवसभर, कधी दोन-तीन दिवसही पुन्हा पुन्हा उतरते, म्हणून वयस्कर माणसाला दवाखान्यात देखरेखीखाली ठेवलेलंच बरं. घरी ठेवलंत तर रात्री दोन-तीनला उठवून बोट टोचा. दादा म्हणतो मी सगळ्यांना घाबरवते. म्हणू दे.

हो, हे राहिलंच. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. मीटर हाताशी नसेल तर शोधत बसू नका, गिळत असतील तर ग्लुकोज द्या. आणि आजोबांच्या गोळीच्या पट्टीवर व्होग्लिबोजही लिहिलंय का बघा. असेल तर घरची साखर लवकर पचत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. आमच्याकडे तिचा डबा आता आईच्या उशाशी असतो. दादानेच आणून ठेवलाय, न बोलता.