काढणे, कातरणे आणि पुसणे

प्रश्न: आमच्या छायाचित्र मंडळाच्या निसर्ग-स्पर्धेचे नियम मराठीत लिहितोय. "छायाचित्रातील घटक काढू नयेत" असं लिहिलं, तर एकाने विचारलं, "कडेची फांदी क्रॉप केली तरी बाद का?" 'काढणे'ऐवजी कोणता शब्द वापरू?

उत्तर: मराठीत फोटोही काढतात आणि फोटोतली फांदीही काढतात. फांदी कशी गेली, हे मात्र हे क्रियापद सांगत नाही. स्पर्धेत तर सगळा प्रश्न त्या 'कशी'चाच असतो. म्हणून एकाच शब्दाचा आग्रह सोडा. तुम्हाला निदान चार क्रियापदं लागतील.

पहिली दोन आहेत कातरणे आणि पुसणे. क्रॉप म्हणजे कातरणे: चौकटच लहान केली, फांदी बाहेर राहिली. क्लोन करणे म्हणजे पुसणे: चौकट तेवढीच ठेवली, पण फांदीच्या जागी शेजारचं आकाश आणून बसवलं. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय महासंघ फियाप आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांची निसर्ग-छायाचित्राची व्याख्या सामाईक आहे. तिच्यानुसार चित्रातली वस्तू वाढवणं, हलवणं, बदलणं किंवा नाहीशी करणं चालत नाही. कातरून नाहीशी झाली तर चालते. तुमच्या वाक्यात नेमका हा अपवादच गळला आहे.

हा फरक किती महागात पडतो ते २०१२च्या नॅशनल जिऑग्राफिकच्या स्पर्धेत दिसलं. हॅरी फिश यांचा वाराणसीत गंगेकाठी काढलेला फोटो 'स्थळे' विभागात पहिला ठरला होता. उजव्या कडेला एक प्लॅस्टिकची पिशवी आली होती, ती त्यांनी पुसली होती. मूळ फाइल तपासल्यावर हे लक्षात आलं आणि बक्षीस गेलं. पिशवी तशीच ठेवली असती किंवा कड कातरून घालवली असती, तर निकालात काही फरक पडला नसता, असं त्यांना संपादकांकडून कळलं. कातरा किंवा पुसा, पिशवी दोन्ही वाटांनी जाणारच होती. पण कातरल्यावर उरलेलं सगळं कॅमेऱ्याने पाहिलेलंच असतं. पुसल्यावर त्या जागी जे दिसतं ते कॅमेऱ्याने पाहिलेलंच नसतं. वृत्तछायाचित्रांतही हेच. २०१० साली वर्ल्ड प्रेस फोटोने स्तेपान रुदिक यांचं बक्षीस काढून घेतलं (पाहा, इथेही 'काढून' आलंच!). त्यांनी मूळ रंगीत फोटो भरपूर कातरला होता, कृष्णधवल केला होता. त्याला आक्षेप नव्हता. मागे दिसणारा पायाचा एक छोटा तुकडा पुसला होता, तेवढ्यावर ते बाद झाले.

तिसरं क्रियापद झाडणे. सेन्सरवर बसलेल्या धुळीचा डाग घालवायला परवानगी असते, कारण तो कॅमेऱ्याचा दोष आहे, समोरच्या दृश्याचा भाग नाही. त्यालाही 'पुसणे' म्हटलंत, तर लोक उगाच धास्तावतील. आकाशातला ठिपका धुळीचा की लांबच्या घारीचा, अशी शंका येते तेव्हा आधीचे-नंतरचे फोटो पाहावेत. धूळ प्रत्येक फोटोत त्याच जागी, अस्पष्ट गोल दिसते आणि f/16 सारख्या लहान छिद्राला जास्त उठून दिसते. घार जागा बदलते. घार झाडलीत तर ते पुसणंच झालं.

चौथा शब्द माझा आवडता, बुजवणे. काही जण काही पुसत नाहीत. पार्श्वभूमी इतकी काळी करतात की तिथली माणसं किंवा कुंपण दिसेनासं होतं. थोडं उजळवणं-गडद करणं सगळीकडे चालतं, पण मागची वस्तू नाहीशी होईपर्यंत गडद करणं वर्ल्ड प्रेस फोटोच्या नियमांत बसत नाही. खड्डा बुजवतो तसं इथे दृश्य बुजवलेलं असतं.

आणि 'घटक' नकोच. तो शब्द वाचला की मला औषधाच्या बाटलीवरची यादी आठवते. 'दृश्यात असलेली कोणतीही गोष्ट' म्हणा. त्यात सावलीही येते, काडीही येते.

आणखी एक खोच. "मानवनिर्मित वस्तू नसाव्यात" एवढंच लिहून थांबू नका. तेवढं वाचून एखादा पक्ष्याच्या पायातलं संशोधकांनी घातलेलं कडं पुसून टाकेल आणि त्यामुळेच बाद होईल. त्या सामाईक व्याख्येत असं कडं किंवा रेडिओ कॉलर चालते.

मी असं लिहीन: "चौकट कातरता येईल. कॅमेऱ्यामुळे आलेले धुळीचे डाग झाडता येतील. दृश्यात असलेली कोणतीही गोष्ट पुसू, बुजवू, हलवू किंवा बदलू नये. नसलेली आणून बसवू नये. वन्यप्राण्यांच्या अंगावरची संशोधनाची कडी व कॉलर तशीच ठेवावीत."