नोकरी गेलेल्या मित्राला काय लिहावं?

“माझ्या जिवलग मित्राची नोकरी गेली. दोन दिवस मेसेज लिहितोय आणि खोडतोय. धीर द्यावा तर कीव केल्यासारखं वाटतं, गप्प राहावं तर पाठ फिरवल्यासारखं. नेमकं काय लिहू?”

हाच पेच घेऊन एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. त्यांचा मित्र चाकणच्या एका कारखान्यात सतरा वर्षं पर्चेस विभागात होता. कंपनीने त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला होता आणि महिनाअखेर त्याचा शेवटचा दिवस होता. गृहस्थांच्या मोबाइलवर कच्चा मेसेज तयार होता: “ऐकून फार वाईट वाटलं रे. तुझ्याबाबतीत असं व्हायला नको होतं. जे होतं ते चांगल्यासाठीच. काहीही लागलं तर हक्काने सांग.”

भावना खरी होती. पण पहिली दोन वाक्यं वाचून मित्राला उलट यांचीच समजूत काढावी लागली असती. तिसऱ्या वाक्यावर घराचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस काय बोलणार? मला सर्वांत जास्त खटकलं ते शेवटचं वाक्य, कारण ते फार उदार वाटतं. “काहीही लागलं तर” म्हटलं की काय मागायचं, किती मागायचं, समोरच्याला परवडेल का, हे सगळं त्यानेच ठरवायचं. ज्याला आधीच हात पसरल्यासारखं वाटतंय, तो मागतच नाही.

म्हणून मी विचारलं, “त्याच्या घरी या महिन्यात नेमकं काय अडणार आहे?” ते लगेच म्हणाले, “वडिलांचं डायलिसिस चालू आहे. मेडिक्लेम कंपनीचा.” इथे धागा सापडला. कंपनीचं विमा संरक्षण बहुधा नोकरीबरोबरच संपतं. मात्र समूह विम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे, आणि जुन्या आजारांचा खर्च विमा देत नाही तो सुरुवातीचा प्रतीक्षा काळ समूह विम्यात जेवढा सरला असेल, तेवढाही धरला जातो. प्रीमियम वाढू शकतो, कंपनी तब्येतीची चौकशी करते, त्यामुळे होकार मिळेलच असं नाही. पण अर्ज संरक्षण चालू असतानाच केलेला बरा, आणि धक्क्यात असलेल्या माणसाच्या हातून नेमकी हीच तारीख निसटते.

दुसरा धागा ओळखींचा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७०च्या दशकात अभ्यास करून दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती जवळच्यांकडून नव्हे, तर अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळली होती. जवळच्यांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. पर्चेसमधल्या माणसाला तर कितीतरी सप्लायर नावानिशी ओळखतात. फक्त त्याला न विचारता बायोडाटा ग्रुपवर फिरवायचा नाही. त्याने कदाचित सासरी अजून सांगितलंही नसेल. रोज डबा घेऊन वेळेवर घराबाहेर पडणारी, नोकरी नसलेली माणसं मी पाहिली आहेत.

शेवटी गृहस्थांनी लिहिलं ते असं:

“अरे, कंपनीचं कळलं. सतरा वर्षांनंतर हे सोपं नाही. आत्ता बोलायचं नसेल तर नको बोलूस. दोन गोष्टी विचारतो. काकांचा मेडिक्लेम महिनाअखेर बंद होईल. त्याआधी वैयक्तिक पॉलिसीचं एचआरला विचार. कागद बघायला शनिवारी अकराला येऊ का? दुसरं, रांजणगावच्या एका ओळखीच्या युनिटला पर्चेसचा माणूस हवाय. तुझा नंबर देऊ का? हो-नाही एवढंच कळव. मी कुणाला काही बोललेलो नाही. रविवारी बॅडमिंटनचं सातचं कोर्ट घेतलंय, तुझं नाव आहेच.”

उत्तर रात्री आलं: “शनिवारी ये. नंबर आत्ता नको देऊस.” यांनी दुसऱ्या गोष्टीचा आग्रह धरला नाही. नकार सहज देता आला, म्हणूनच पहिल्या गोष्टीला होकार देणं त्याला जड गेलं नाही, असं मला वाटतं. रविवारी बॅडमिंटनला शटलचे पैसेही मी त्याच्याकडून नेहमीसारखे घ्यायला सांगितले होते. परस्पर भरून टाकले असते तर चौघांत तो वेगळा पडला असता. नंबर द्यायला त्याने पुढे आपणहून सांगितलं.

तुमच्या मित्राकडून उत्तरच आलं नाही, तर आठवड्याने पुन्हा लिहा, पण “काही झालं का?” असं विचारू नका, दरवेळी “नाही” सांगणं फार थकवतं. दुसरं एखादं छोटं, नेमकं काम पुढे करा. मात्र तो झोपत नसेल, फोन घेणं बंद केलं असेल, “मी सगळ्यांवर ओझं झालोय” असं बोलू लागला असेल, तर मेसेजवर विसंबू नका. त्याच्याकडे जा, जीव द्यायचे विचार येतात का हे सरळ विचारा, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर त्याच्या शेजारी बसून फोन लावा. तिथे मराठीतही बोलता येतं.