बुद्ध्यंक, बुद्धिगुणांक आणि ‘मानसिक वय’

प्रश्न: मुलगा आठ वर्षांचा आहे. चाचणीच्या अहवालात ‘बुद्ध्यंक ९०’ लिहिलंय. इतरत्र ‘बुद्ध्यांक’ आणि ‘बुद्धिगुणांक’ असंही वाचलं. यातला बरोबर शब्द कोणता? आणि अहवाल समजावणाऱ्या बाई म्हणाल्या, “म्हणजे मानसिक वय सात वर्षं.” ९० टक्के बुद्धी असा याचा अर्थ घ्यायचा का?

आधी शब्दाचं पाहू, कारण ते सोपं आहे. ‘बुद्ध्यंक’ बरोबर. बुद्धि + अंक, मधल्या इ-चा य होतो, जसा अति + अंत मधून ‘अत्यंत’ होतो. ‘अत्यांत’ कुणी लिहीत नाही, पण ‘बुद्ध्यांक’ मात्र सर्रास दिसतो. माझ्या मते हा क्रमांक, गुणांक यांच्या सहवासाचा परिणाम आहे. तिथे पहिला शब्द अ-कारान्त असल्यामुळे दोन अ मिळून आ होतो, आणि तो ‘आंक’ कानात बसलेला असतो. ‘बुद्धिगुणांक’ व्याकरणाने चुकीचा नाही, पण मला तो आवडत नाही. गुण म्हटलं की आपल्याला परीक्षेचे गुण आठवतात, आणि गुण ९० म्हटले की शंभरपैकी नव्वद. तुमच्या प्रश्नातले ‘९० टक्के’ बहुधा तिथूनच आले आहेत.

मूळ शब्दात ना गुण आहेत ना गुणाकार, उलट भागाकार आहे. आयक्यूमधला क्यू म्हणजे क्वोशन्ट. भाज्याला भाजकाने भागल्यावर जे हाती येतं ते. हिंदीवाल्यांनी ‘बुद्धिलब्धि’ केलं, त्यात हा अर्थ टिकला आहे, कारण भागाकाराच्या उत्तराला लब्धि म्हणतात. आपल्या ‘अंका’त तो पुसला गेला. मला पूर्वी ही आपल्या शब्दाची उणीव वाटायची. आता वाटत नाही. का, ते पुढे येईल.

कशाला कशाने भागायचं? मानसिक वयाला खऱ्या वयाने. मग मानसिक वय कुठून आलं? पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये, वर्गात मागे पडणारी आणि वेगळ्या शिकवणीची गरज असलेली मुलं ओळखण्यासाठी एक चाचणी तयार केली. १९०८ मध्ये त्यांनी तिच्यातले प्रश्न वयानुसार लावले: बहुतेक सहा वर्षांच्या मुलांना जमतात ते प्रश्न सहाच्या गटात, सातच्यांना जमतात ते सातच्या गटात. बिनेचा आवडता शब्द ‘मानसिक पातळी’ हा होता. पातळी बदलते, चढते, निरनिराळ्या कामांत निरनिराळी असू शकते. तिला ‘वय’ म्हणायची सवय पुढच्यांची, आणि माझ्या मते सगळा घोळ या शब्दापासून सुरू झाला.

प्रत्यक्ष हिशोब करून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये बिनेच्या चाचणीची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली. तिच्यात तीन ते दहा वर्षांच्या प्रत्येक गटात सहा प्रश्न होते आणि दर बरोबर उत्तराचे दोन महिने. म्हणजे एका गटाचे बारा महिने, एक पूर्ण वर्ष. समजा, बरोबर आठ वर्षांचा एक मुलगा आहे. सहाच्या गटातले सगळे प्रश्न त्याला आले, तेव्हा पाया ७२ महिन्यांचा. सातच्या गटातले चार आले, ८ महिने. आठचे दोन, ४ महिने. नऊचा एक, २ महिने. दहाचा एकही नाही, तिथे थांबायचं. बेरीज ८६ महिने, म्हणजे मानसिक वय ७ वर्षं २ महिने. खरं वय ९६ महिने. ८६ ला ९६ ने भागून शंभरने गुणलं की ८९.६ येतात, म्हणजे ९०.

आता त्याच वयाचा दुसरा मुलगा घ्या. याला सहाच्या गटातला एक प्रश्न चुकला, म्हणून पाया पाचचाच: ६० महिने. मग सहाचे पाच प्रश्न, सातचे चार, आठचे तीन, नऊचा एक. एकूण तेरा प्रश्नांचे २६ महिने. बेरीज पुन्हा ८६. मानसिक वय तेच, अंक तोच. पण चुकलेले प्रश्न वेगळे, जमलेले वेगळे. पहिला कदाचित शब्दांत पक्का असेल आणि आकडे लक्षात ठेवताना अडखळत असेल, दुसऱ्याचं नेमकं उलट असेल. ‘सात वर्षं दोन महिने’ वयाचं कुणी मूल या दोघांच्या आत लपलेलं नाही. ती महिन्यांची बेरीज आहे, इतकंच.

त्या सातच्या गटात एक काम होतं: दोरीची फुलगाठ बांधून दाखवणे, बुटाच्या नाडीला मारतात तशी. गाठ जमली तर दोन महिने, नाही तर शून्य. पहिल्या मुलाला जमलेल्या चार प्रश्नांत ही गाठ होती असं धरा. तो नाडीचे बूट कधीच न घातलेला असता, तर त्याचे ८४ महिने झाले असते आणि भागाकार ८७.५ आला असता. बुद्धी तीच, फक्त कुणी गाठ शिकवली नाही, आणि दोन अंक गेले. पुढच्या चाचण्यांतून असले प्रश्न बरेच गाळले गेले. पण शब्दांचे अर्थ विचारणारे, ‘असं झालं तर काय करशील’ विचारणारे प्रश्न राहिले, आणि तेही मुलाला घरात, शाळेत काय कानावर पडलं यावर अवलंबून असतात. चाचणीच्या भाषेत न वाढलेल्या मुलाच्या अंकाकडे संशयाने पाहायचं ते याचसाठी.

भागायची कल्पना विल्यम श्टेर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाची, १९१२ ची. त्याची अडचण खरी होती. सहा वर्षांचं मूल दोन वर्षांनी मागे असणं आणि बारा वर्षांचं दोन वर्षांनी मागे असणं सारखं नाही. वजाबाकी दोन्हीकडे दोनच सांगते, भागाकार मात्र एकीकडे ०.६७ देतो आणि दुसरीकडे ०.८३. टर्मन यांनी दशांशचिन्ह घालवायला त्याला शंभरने गुणलं. शंभर आलं ते असं, टक्केवारीशी त्याचा संबंध नाही.

पण हा भागाकार मोठ्यांना लावला की कोसळतो. अशा प्रश्नांमधली वाढ सोळा-सतराच्या आसपास मंदावते, वय मात्र वाढतच राहतं. चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसाचं मानसिक वय सोळा धरून चाळीसने भागा, बुद्ध्यंक येतो ४०! टर्मन यांनी त्यावर तोडगा म्हणून मोठ्यांसाठी भाजक सोळावरच अडकवून ठेवला. याहून मोठी गंमत पहिल्या महायुद्धात झाली. अमेरिकी सैन्यात सुमारे सतरा लाख जणांची चाचणी घेतली गेली, आणि १९२१ च्या अहवालात गोऱ्या सैनिकांचं सरासरी मानसिक वय तेराच्या आसपास निघालं. देश पोरकट निघाला म्हणून हाहाकार झाला. वॉल्टर लिपमन या पत्रकाराने १९२२ मध्ये साधा मुद्दा मांडला की सरासरी प्रौढ माणसाची बुद्धी सरासरी प्रौढ माणसापेक्षा कमी असूच शकत नाही. म्हणजे चूक मोजपट्टीत होती.

शेवटी डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ च्या आपल्या प्रौढांच्या चाचणीत भागाकारच काढून टाकला. १९४९ मध्ये मुलांच्या चाचणीतही तेच केलं, आणि १९६० मध्ये स्टॅनफर्ड-बिनेनेही तीच वाट धरली. आता मुलाची तुलना फक्त त्याच्याच वयाच्या मुलांशी होते. त्या वयोगटाची सरासरी १०० मानायची आणि मूल तिच्यापासून किती दूर आहे ते ठरलेल्या पट्टीवर मांडायचं. सरासरीच्या वर-खाली पंधरा अंकांत, म्हणजे ८५ ते ११५ मध्ये, साधारण दोन-तृतीयांश मुलं येतात. भागाकार गेला, नाव मात्र क्वोशन्टच राहिलं. म्हणून म्हटलं की आपला ‘अंक’ आता जास्त खरा ठरला. अजाणता का होईना, मराठीने चुकीचा अर्थ आधीच गाळून ठेवला होता.

या पद्धतीत ९० म्हणजे त्याच वयाची शंभर मुलं घेतली तर साधारण पंचवीस त्याच्या मागे आणि पंचाहत्तर पुढे. एवढंच. ९० टक्के बुद्धी असली काही वस्तू नाही.

आणि म्हणूनच त्या बाईंचं ‘सात वर्षं’ मला खटकलं. अहवालात मानसिक वय वेगळं छापलेलं आहे का ते बघा. काही जुन्या धाटणीच्या चाचण्यांत ते अजूनही काढतात, आणि तिथे निदान वर दाखवली तशी महिन्यांची बेरीज झालेली असते. छापलेलं नसेल, तर ९० ला ८ ने गुणून शंभरने भागलं असण्याची शक्यता जास्त, उत्तर ७.२ येतं. मीही हे गणित होताना पाहिलं आहे. भागाकार करून न काढलेल्या अंकाला उलटा गुणाकार लावायचा आणि त्यातून वय बाहेर काढायचं, हे नियमात बसत नाही. शिवाय ऐकणाऱ्याच्या मनात लगेच पहिली-दुसरीतलं पोर उभं राहतं. आठ वर्षांच्या मुलाजवळ आठ वर्षांचा अनुभव, मैत्री, भांडणं, रुसवे सगळं असतं.

अहवालात आणखी दोन गोष्टी शोधा. एक म्हणजे अंकाभोवतीचा पट्टा. चांगल्या चाचणीतही तीनेक अंकांची प्रमाण त्रुटी धरतात आणि पट्टा दोन्ही बाजूंना तिच्या दुप्पट ठेवतात, म्हणून ‘९०’ च्या जागी ‘बहुधा ८४ ते ९६ च्या दरम्यान’ असं वाचायचं. चाचणीची प्रमाणकं, म्हणजे ज्या मुलांशी तुलना करतात त्यांचे आकडे, किती जुनी आहेत हेही विचारा. जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिलं की पिढ्यांगणिक मुलं या प्रश्नांत सरस होत गेली, दर दशकाला साधारण तीन अंकांनी. वीस वर्षांपूर्वीच्या मुलांशी तुलना केली तर आजच्या मुलाचा अंक पाच-सहाने फुगू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे उपविभागांचे अंक, आणि माझ्या लेखी मुख्य मजकूर तोच. समजा, शब्दांच्या भागात ११० आहेत, कागद-पेन्सिलीने झरझर खुणा करायच्या भागात ७०, आणि बाकीचे या दोन्हींच्या मधले. एकूण अंक ९० च्या आसपास येईल. पण ११० म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तरांच्या पुढे आणि ७० म्हणजे जेमतेम दोघांच्या पुढे. असं मूल तोंडी सगळं सांगेल आणि लेखी पेपर अर्धा सोडून येईल. त्याला जास्त वेळ द्यावा लागेल, कदाचित डोळे किंवा हाताची पकड तपासावी लागेल. दुसऱ्या कुणाचे सगळेच भाग ८८ ते ९२ मध्ये असतील, तर तिथे काम वेगळं. अंक दोघांचाही ९०. उपविभागांत इतकी तफावत असेल तर एकूण अंकावर विसंबू नये, असं चाचणी घेणाऱ्यांनाही शिकवलेलं असतं. तुमच्या अहवालात ते पान नसेल तर मागून घ्या, आणि त्या दिवशी मुलगा आजारी किंवा बुजलेला होता का हे तुम्ही स्वतःच आठवून त्यांना सांगा.